सर्व्हिस बुक हरवलंय म्हणे

जुनी गाडी बघताना "सर्व्हिस बुक घर बदलताना हरवलं" असं मालकाने सांगितलं की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात. मला त्याचं विशेष काही वाटत नाही. बुकावर शिक्का मारणं अवघड नसतं आणि आकडा पेनानेच लिहिलेला असतो. खरी नोंद कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपच्या कॉम्प्युटरमध्ये, चेसी नंबरावर असते. गाडी आत आली की जॉब कार्ड उघडतं. त्यात तारीख, मीटरचं रीडिंग, बदललेले पार्ट आणि गाडी घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाचं नाव येतं. त्यामुळे बुक नसणं ही माझ्या लेखी भानगड नाही. रीडिंगच्या दोन नोंदींमध्ये मोठी पोकळी असणं ही भानगड आहे, आणि नेमकं तिच्याकडे लोक बघत नाहीत.

माझ्या मामेभावासाठी चिंचवडला एक गाडी पाहिली. ऑगस्ट २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-१४, मीटर ४६,३००. मालक म्हणाले, "मी सेकंड ओनर. मार्च २०२३ मध्ये घेतली. बुक मला मिळालंच नाही." परिवहन खात्याच्या अ‍ॅपवर नंबर टाकला तर मालक क्रमांक २, कर्जाचा बोजा नाही, विमा चालू. सगळं त्यांच्या बोलण्याशी जुळत होतं.

विम्याची पॉलिसी मागितली, कारण नो क्लेम बोनस बरंच बोलतो. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली की नवा मालक शून्यापासून सुरू होतो. एक वर्ष क्लेमशिवाय गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. मध्ये क्लेम घेतला की पुन्हा शून्य. या पॉलिसीवर २५ टक्के होते, म्हणजे मार्च २०२३ पासून दोन नूतनीकरणं क्लेमशिवाय झालेली. हे गृहस्थ स्वतःच्या काळापुरते खरं बोलत होते. गाडीची कामं ते ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे करायचे. बिलं नव्हती, पण फोनमधल्या यूपीआयच्या हिशोबात गॅरेजवाल्याच्या नावाने दरवर्षी पैसे गेलेले दिसले. गॅरेजच्या वहीत त्याच तारखांना रीडिंगही होतं. (वॉरंटी संपल्यावर पुण्यात निम्मी जनता हेच करते. यात संशय घेण्यासारखं काही नाही.)

मग त्यांनाच बरोबर घेऊन कंपनीच्या वर्कशॉपला गेलो. हे आवर्जून करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ बदलता येते, काउंटरवर आपल्यासमोर निघालेली प्रिंट कोण बदलणार? शिवाय हल्ली वर्कशॉपवाले आरसी असलेला मालक समोर नसेल तर हिस्टरी बहुधा देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शोधायला चेसी नंबर द्यायचा, आणि तोही गाडीवर कोरलेला वाचून, आरसीशी ताडून.

प्रिंट अशी होती. ऑगस्ट २०१८ ला १२,००० किलोमीटर, ऑगस्ट २०१९ ला २४,५००, ऑक्टोबर २०२० ला ३५,६००. त्यानंतर थेट जानेवारी २०२३, रीडिंग ३९,८००. मामेभाऊ खूश झाला. "आकडा कुठेच कमी झाला नाही, म्हणजे मीटर मागे केलेलं नाही."

इथेच बहुतेक जण फसतात. मीटर मागे करणारा माणूस शहाणा असेल तर शेवटच्या नोंदीच्या खाली जात नाही, तिच्या थोडं वरच थांबतो. पुढच्या वेळी वर्कशॉपचा सल्लागार मीटरवर दिसेल ते रीडिंग टाकतो, आणि खोटा आकडा अधिकृत नोंदीत जाऊन बसतो. म्हणून आकडा चढतोय का एवढंच बघून भागत नाही, कोणत्या वेगाने चढतोय ते बघायचं. वर्षाला अकरा-बारा हजार चालणारी गाडी पुढच्या सत्तावीस महिन्यांत फक्त ४,२०० चालली होती. आता याला निष्पाप कारणही असू शकतं. तो लॉकडाऊनचा काळ, हिंजवडीला जाणारं अर्धं पुणे घरी बसलेलं. नुसत्या पोकळीवरून कुणाला खोटं ठरवता येत नाही, दुसरा साक्षीदार लागतो.

तो त्याच प्रिंटमध्ये सापडला. जानेवारी २०२३ च्या जॉब कार्डावर गिऱ्हाईकाचं नाव पहिल्या मालकाचं नव्हतं आणि या गृहस्थांचंही नव्हतं. काम होतं क्लच सेट, पुढचे शॉकअब्सॉर्बर आणि ब्रेक डिस्क. क्लच एकटा असता तर मी सोडून दिलं असतं, सिंहगड रोडवर रोज ये-जा करणाऱ्याचा क्लच कधीही जातो. पण चाळीस हजाराच्या आत हे तिन्ही एकदम?

म्हणजे मध्ये एक माणूस होता, ज्याची आरटीओत नोंदच नाही. पद्धत जुनी आहे. पहिला मालक टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर, तारीख न घालता सह्या करून एजंटला देतो. गाडी दोन-तीन हातांतून फिरते आणि शेवटी जो ट्रान्सफर करतो तो थेट 'दुसरा मालक' होतो. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, पण हे काम एजंटवर सोडलं जातं. १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरला गाडी दिली की तसं पोर्टलवर कळवायची सोय झाली. त्याआधीच्या व्यवहारांत मात्र अ‍ॅपवरचा मालक क्रमांक म्हणजे 'किमान इतके' एवढंच समजायचं.

पहिल्या मालकांचा नंबर या गृहस्थांकडे होता. फोन लावला तर ते वैतागूनच बोलले. "अहो, डिसेंबर २०२० मध्ये विकली मी गाडी! पुढची दोन वर्षं चलानं मलाच येत होती." साहजिक आहे, मोबाईल नंबर त्यांचा, आरसी त्यांची. एजंटशी भांडण्यासाठी त्यांनी मेसेज जपून ठेवले होते. एकोणीस चलानं, सोळा वेगवेगळ्या दिवसांची, जवळपास सगळी एक्स्प्रेस वेवर वेग जास्त म्हणून.

आता हिशोब करा. पुणे-मुंबई जाऊन-येऊन साधारण ३०० किलोमीटर. सोळा फेऱ्यांचे ४,८०० होतात, म्हणजे मीटरवर त्या काळात वाढलेल्या ४,२०० पेक्षा जास्त. प्रत्येक वेळी गाडी मुंबईपर्यंत गेलीच असेल असं चलान सिद्ध करत नाही, खालापूरहूनही कुणी परत फिरला असेल. पण प्रत्येक फेरीला थोडंच चलान लागतं? पकडलेले दिवस सोळा, तर न पकडलेले किती? बहुधा भाड्याने मुंबई विमानतळाच्या फेऱ्या होत असाव्यात, पण तो माझा अंदाज.

समोरच्या गृहस्थांचा चेहरा उतरला. त्यांनाही मार्च २०२३ मध्ये ही गाडी चाळीस हजार चाललेली म्हणूनच विकली होती. मला त्यांची चीड आली नाही, पण त्यांच्या फसवणुकीची भरपाई माझ्या मामेभावाने का करावी? आम्ही सांगितलं, खरं रीडिंग कोणालाच कळणार नाही, पण पहिल्या मालकाच्या वेगानेच धरलं तरी त्या सत्तावीस महिन्यांचे पंचवीस हजार होतात, म्हणजे आज ४६ नाही, किमान ६७ हजार. फेऱ्यांचं बघता त्याहून बरीच जास्त. त्यामुळे ऐंशी-नव्वद हजार चाललेली गाडी समजून भाव देऊ, तोही त्यांनी आमच्या मेकॅनिककडून इंजिनचं कॉम्प्रेशन तपासू दिलं तर. ते तपासणीला तयार झाले, भावाला नाही. मामेभाऊ सध्या रिक्षाने ऑफिसला जातोय आणि रोज मला टोमणे मारतोय.