"दोन्ही सेम झाले, सर!"

शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन मॉनिटरांचा संसार मोडायचा असेल तर फार कष्ट पडत नाहीत. माझा मोडायला आमच्या ऑफिसातल्या आयटीच्या मुलाला परवा एक मिनिटही लागलं नाही. डावीकडे जुना २४ इंची फुल एचडी, उजवीकडे नवा कोरा २७ इंची फोर-के. नव्यावर अक्षरं मुंगीएवढी दिसत होती म्हणून त्याला बोलावलं. त्याने उभ्या-उभ्याच नव्याचं रिझोल्युशन १९२० × १०८० केलं, माउस सोडला आणि म्हणाला, "दोन्ही सेम झाले, सर."

तेव्हा पहिला सल्ला तोच. महागडा फोर-के आणा आणि त्याला फुल एचडी करून टाका. सुमारे ८३ लाख ठिपक्यांचे पैसे मोजायचे आणि वापरायचे २१ लाख. एक्सेलमधले आकडे पावसात भिजलेल्या पोस्टकार्डासारखे दिसू लागतील. त्याचा दोष चष्म्याला द्यावा आणि नंबर तपासून यावा. मी आलो. नंबर तोच आहे.

दुसरा सल्ला: विंडोज Scale मध्ये १५० टक्क्यांपुढे Recommended लिहितं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. त्या बिचाऱ्याला शेजारचा मॉनिटर कोणता आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, पण तुम्हाला तरी कुठे असतं? मी मात्र त्या संध्याकाळी मुलीच्या कंपासमधली फूटपट्टी घेतली. विंडोज ११ चा टास्कबार १०० टक्क्यांवर ४८ ठिपके उंच असतो. जुन्या मॉनिटरवर तो भरला १३ मिलिमीटर. नव्यावर, त्या मुलाने 'सेम' करून दिलेल्यावर, १५. म्हणजे सेमही नाही! रिझोल्युशन पुन्हा ३८४० × २१६० केलं, तर १०० टक्क्यांवर साडेसात मिलिमीटर आणि १५० वर ११. मग १७५ केलं आणि पट्टी बरोबर १३ वर टेकली. यात जादू काही नाही. जुना पडदा ५३ सेंटिमीटर रुंद, त्यात १९२० ठिपके, म्हणजे सेंटिमीटरला ३६. नवा ६० सेंटिमीटर, त्यात ३८४०, म्हणजे ६४. चौसष्टला छत्तीसने भागा, पावणेदोनच्या आसपास येतं. चौथीतला भागाकार आहे हो! रिझोल्युशन म्हणजे ठिपके किती, स्केल म्हणजे अक्षर किती ठिपक्यांचं. दोन्ही स्क्रीनवर अक्षर सारखं दिसायला दुसरं बदलायचं असतं, पहिलं नाही. एवढं ज्याला कळत नाही त्याच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलंय कुणी?

असो. सल्ले चालू ठेवू.

Custom scaling मध्ये स्वतः आकडा टाका, म्हणजे तो दोन्ही मॉनिटरांना एकदम लागू होईल आणि जुन्यावरची अक्षरं भिंतीवरच्या घोषणांएवढी होतील.

घरात पडलेली जुनी एचडीएमआय केबलच लावा. ती फारच जुनी असेल तर तिच्यावर फोर-के कदाचित ३० हर्ट्झनेच चालेल आणि माउस चिखलातून चालल्यासारखा चालेल.

Settings मधल्या Display पानावरचे दोन चौकोन जसे आले तसेच राहू द्या. तिथे उंची सेंटिमीटरमध्ये नव्हे, ठिपक्यांत मोजतात. त्यामुळे टेबलावर जेमतेम चार सेंटिमीटरने बुटका असलेला जुना मॉनिटर तिथे नव्याच्या निम्मा दिसतो. दोघांच्या वरच्या कडा जुळलेल्या असतील, तर नव्याच्या खालच्या अर्ध्या भागातून डावीकडे जाताना माउस भिंतीला धडकतो. तो सुटू नये म्हणून Ease cursor movement between displays ची खूणही काढून टाका. लहान चौकोन ओढून, तुमचा हात जिथून नेहमी पलीकडे जातो त्या उंचीला आणायचा असतो, हे तर कुणाला सांगूच नका.

आणि स्केल बदलल्यावर साइन आउट अजिबात करू नका. जुने प्रोग्रॅम साइन इन करतानाचं मुख्य मॉनिटरचं स्केल धरून बसतात, दुसऱ्यावर नेलं की धूसर होतात. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यातलंच. साइन आउट करूनही ते एका मॉनिटरवर धूसरच राहतं. त्याच्या Properties मध्ये Compatibility खाली Change high DPI settings आहे. तिथे System (Enhanced) निवडून बघता येतं. कधी सुधारतं, कधी नाही. नाही सुधारलं तर ते सॉफ्टवेअर मुख्य मॉनिटरवरच ठेवायचं, दुसरा इलाज नाही.

पण तुम्ही यातलं काही करणार नाही, मला माहीत आहे. महिनोन्महिने मान पुढे काढून बसाल, खिडकी इकडून तिकडे ओढली की ती लहान-मोठी होते म्हणून वैतागाल, पण पाच मिनिटं फूटपट्टी लावणार नाही. अहो, लावा ना! आधी रिझोल्युशन Recommended वर, मग पट्टी, मग स्केल, मग चौकोन, मग साइन आउट. आणि पुन्हा कुणी "सेम झाले" म्हणालं, तर खुर्चीतून उठण्याआधी त्याला विचारा, किती मिलिमीटर?