सेमिनारमध्ये प्रश्न येऊ नयेत म्हणून

पीएच.डी.च्या सहामाही सेमिनारात आधीच्या अभ्यासांचा रिव्ह्यू सादर करायचाय ना? मग आधी उद्दिष्ट स्पष्ट ठेवा. उद्दिष्ट एकच: वीस मिनिटं बोलायचं आणि प्रश्न न येता खाली बसायचं. बाकीची उद्दिष्टं सिनॉप्सिसमध्ये आहेतच.

त्यासाठी सर्वात सुरक्षित पद्धत म्हणजे एक अभ्यास, एक स्लाइड. वर लेखकाचं नाव आणि साल, खाली चार बुलेट: उद्देश, पद्धत, नमुना, निष्कर्ष. बत्तीस अभ्यास असतील तर बत्तीस स्लाइड. वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला साडेसदतीस सेकंद येतात, आणि तेवढ्या वेळात समितीतल्या कोणालाही काही सुचत नाही. प्रत्येक स्लाइड ‘यांनी आपल्या संशोधनात असे नमूद केले आहे की’ने सुरू करा आणि पुढच्या स्लाइडवर जाताना ‘तसेच’ म्हणा. पुढचा अभ्यास मागच्याच्या नेमका उलट सांगत असला तरी ‘तसेच’च म्हणा. अकराव्या स्लाइडला बाहेरून आलेले सर मोबाइल काढतात. काढू द्या, यालाच शांततेत पार पडलेला सेमिनार म्हणतात.

हल्ली काही मार्गदर्शक ‘अभ्यास एकेक सांगू नका, आशयानुसार गट करा’ असं सांगू लागलेत. ऐकायला साधं वाटतं, पण यात नेमका धोका काय ते एका उदाहरणावरून बघू. विषय घेऊ सूक्ष्म कर्जांचा. बचत गट आणि मायक्रोफायनान्स यांच्यावर आपल्याकडे इतके प्रबंध होतात, की उदाहरण कोणाला परकं वाटू नये.

समजा तुमच्याकडे पाच अभ्यास आहेत. पिट आणि खांडकर यांचा १९९८चा बांगलादेशातला अभ्यास म्हणतो, की बाईला दिलेल्या दर शंभर टाका कर्जामागे घराचा वार्षिक खर्च १८ टाका वाढतो, पुरुषाला दिलेल्या कर्जामागे ११. त्याच आकडेवारीची रूडमन आणि मॉर्डक यांनी फेरतपासणी केली आणि ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या मते तो निष्कर्ष टिकत नाही. मग २०१५ साली एका नियतकालिकाच्या एकाच अंकात सहा देशांतले प्रयोग आले. त्यांतले हैदराबाद, मोरोक्को आणि बोस्निया हे तीन आपण घेऊ. मेक्सिकोचा पुढे एकदा उल्लेख येईल, तेवढाच.

एकेक सांगितलं तर पाच स्लाइड, तीन मिनिटं, विषय संपला. आता यांचे गट करायला बसा आणि काय होतं पाहा.

गट करायचे तर आधी एक्सेलमध्ये तक्ता मांडावा लागतो. आडव्या ओळीत अभ्यास, उभ्या रकान्यांत प्रश्न: कर्ज कोणाला देऊ केलं, प्रत्यक्ष किती जणांनी घेतलं, तुलना कोणाशी केली, धंद्याचं काय झालं, घरखर्चाचं काय झालं, घरात बाईच्या शब्दाचं काय झालं. इथपर्यंत ठीक आहे. तक्ता भरणं ही कारकुनी आहे आणि ती आपल्याला जमते. घात होतो तो तक्ता वाचताना. ओळ आडवी वाचली तर एका अभ्यासाची स्लाइड मिळते, म्हणजे आपण सुरक्षित. पण हे लोक रकाना वरून खाली वाचायला सांगतात. तसं वाचलं, की वरखाली असलेल्या दोन चौकटी भांडायला लागतात.

‘किती जणांनी घेतलं’ हा रकाना घ्या. हैदराबादेत १०४ वस्त्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्यांत कर्जसंस्थेची शाखा उघडली. शाखा असलेल्या वस्त्यांत सुमारे २७ टक्के कुटुंबांनी सूक्ष्म कर्ज घेतलेलं आढळलं. पण शाखा नसलेल्या वस्त्यांतही सुमारे १८ टक्क्यांनी दुसऱ्या संस्थांकडून घेतलंच होतं. मोरोक्कोत १६२ खेडी होती, त्यांतल्या कर्ज देऊ केलेल्या खेड्यांत ते घेणारे जेमतेम १३ टक्के. बोस्नियात मात्र खेडं किंवा वस्ती निवडलेलीच नाही. संस्थेने एरवी नाकारले असते असे काठावरचे अर्जदार घेतले आणि चिठ्ठ्या टाकून कोणाला कर्ज द्यायचं ते ठरवलं.

या एका रकान्यानं तुमची शांतता मोडते. ‘हैदराबादेत सरासरी घरखर्चात लक्षणीय वाढ दिसली नाही’ हे वाक्य एकट्या स्लाइडवर अगदी निरुपद्रवी असतं. या रकान्यातले २७ आणि १८ हे आकडे त्याच्या शेजारी आले, की हिशोब सुरू होतो. दोन प्रकारच्या वस्त्यांतला फरक नऊएक टक्क्यांचा. कर्जामुळे एखाद्या घराला महिन्याला हजार रुपयांचा फायदा झाला असं घटकाभर धरलं, तरी वस्तीच्या सरासरीत तो नव्वद रुपये म्हणून दिसणार, आणि घराघरातल्या खर्चाच्या चढउतारात नव्वद रुपये सहज बुडतात. म्हणजे ‘परिणाम दिसला नाही’ आणि ‘परिणाम नाही’ ही दोन वेगळी वाक्यं झाली. बोस्नियात तसं पातळ होणं नव्हतं, कारण तिथली तुलना अर्जदारांचीच अर्जदारांशी. पण ते अर्जदार काठावरचे. त्यांच्यावरून नेहमीच्या कर्जदारांबद्दल काय बोलणार?

बघा, अजून एकही निष्कर्ष सांगितलेला नाही आणि समितीतल्या बाई पुढे सरकून बसल्या आहेत.

धंद्याच्या रकान्यात आणखी वाईट होतं. हैदराबादेत आधीपासून धंदा असलेल्यांची गुंतवणूक आणि नफा वाढला. मोरोक्कोत शेती आणि जनावरं यांचा पसारा वाढला, नफाही वाढला, पण घरातल्यांची बाहेरची मजुरी कमी झाली आणि एकूण उत्पन्न होतं तिथेच राहिलं. बोस्नियातही स्वतःचा धंदा करणारे वाढले, घरचं उत्पन्न मात्र वाढलं नाही. हे तीन वेगवेगळ्या स्लाइडवर असते तर तीन निष्कर्ष झाले असते. एका खाली एक आले तर त्यांतून असं वाक्य निघतं: कर्जानं धंदा वाढतो, पण घराची मिळकत वाढेलच असं नाही, कारण धंद्यात गेलेले हात दुसरीकडून काढलेले असू शकतात. हे वाक्य तिन्हींपैकी कुठल्याही एका अभ्यासाचं नाही, ते तुमचं आहे. इथेच फसगत होते. आपण बोललो की आपल्याला विचारतात. ‘हात काढले गेले हे मोरोक्कोत मोजलंय, हैदराबादेतही मोजलंय का?’ असा प्रश्न आला, की पेपर पुन्हा उघडावा लागतो.

त्यापेक्षा गट करायचेच झाले तर विद्यापीठाला मान्य असे करा: ‘भारतातील अभ्यास’ आणि ‘परदेशातील अभ्यास’. ही आपली परंपरा आहे आणि तिची सोय मोठी आहे. हैदराबाद एका प्रकरणात, मोरोक्को दुसऱ्या प्रकरणात, मध्ये चहा. दोघांची गाठ पडायची शक्यताच उरत नाही. अनुक्रमणिकेत मात्र वर्गीकरण दिसतं.

दुसरी तितकीच निर्धोक युक्ती म्हणजे गटांना एकाच नामाचं शीर्षक देणं. ‘महिला सक्षमीकरण’ असं लिहा आणि खाली पुन्हा लेखक, साल, लेखक, साल. शीर्षकात क्रियापद येऊ देऊ नका. ‘कर्ज मिळाल्यानं हैदराबादेत बाईचा घरातला शब्द वाढल्याचं दिसलं नाही, मेक्सिकोत थोडा वाढला’ असं शीर्षक टाकलं, की उरलेली स्लाइड त्या वाक्याचा पुरावा म्हणून वाचली जाते. मग कोणीतरी विचारतंच, की शब्द वाढला हे मोजलं कसं. हैदराबादेतला प्रश्न आणि मेक्सिकोतला प्रश्न एकच होता का? नामाला असं कोणी विचारत नाही.

गटांची संख्याही भरपूर ठेवा. वीस मिनिटांत तीन किंवा चार गट नीट मांडता येतात, म्हणून नऊ करा. प्रत्येकात तीन-चार अभ्यास पडतात आणि यादी सुखरूप परत येते. एक अभ्यास एकाच गटात, हा नियमही पाळा. हैदराबादचा अभ्यास कर्ज घेणाऱ्यांच्या गटात येतो, धंद्याच्या गटात येतो आणि बायकांच्या गटातही येतो. पण तीनदा नाव घेतलं तर तो वाचलाय असा संशय येईल.

आणि मोजणी विसरू नका. ‘पाचपैकी एका अभ्यासात सकारात्मक परिणाम, चारांत नाही’ असं म्हटलं, की निवडणुकीचा निकाल लागल्यासारखं वाटतं. रूडमन-मॉर्डक यांनी पिट-खांडकरांचीच आकडेवारी तपासली आहे, म्हणजे ही पाच स्वतंत्र मतं नाहीतच, हे कोणाच्या लक्षात यायचं नाही. मूळ लेखकांना ती फेरतपासणी मान्य झाली नाही, हेही सांगू नका. खरं तर एवढ्या एकाच जागी कालक्रम कामाचा आहे, कारण वाद आधी काय आणि नंतर काय असाच कळतो. म्हणून बाकी सगळीकडे कालक्रम लावा आणि इथे सोडा.

आपण योग्य मार्गावर आहोत की नाही, याची एक सोपी चाचणी आहे. स्लाइड पत्त्यांसारख्या पिसा आणि पुन्हा चालवा. कोणाला काही खटकलं नाही, तर तुमची यादी पक्की. पिसल्यावर मधलाच एखादा मुद्दा लोंबकळायला लागला, म्हणजे कुठेतरी नकळत युक्तिवाद शिरलाय. तो शोधून काढा.

शेवटी येतो ‘संशोधनातील पोकळी’ हा भाग. गट करणाऱ्यांची इथे पंचाईत होते. त्यांचा रकानाच सांगतो, की कर्जामुळे मजुरी सुटते का हे अजून कुठे मोजायला हवं. मग प्रश्नावलीत ‘गेल्या सात दिवसांत घरातल्या कोणी किती तास, कुठे काम केलं’ असे कंटाळवाणे प्रश्न घालावे लागतात, तेही घरातल्या प्रत्येकासाठी. यादीवाल्यांना अशी अडचण नाही. बत्तिसाव्या स्लाइडनंतर तेहेतिसावी आणा आणि शांतपणे वाचा: ‘वरील सर्व अभ्यासांचा आढावा घेतला असता असे दिसून येते की या विषयावर आपल्या तालुक्यात अभ्यास झालेला नाही.’ हे खोटं ठरवायची कोणाची छाती आहे? बाहेरून आलेल्या सरांनी मोबाइलवरून मान वर करून ‘पण तालुका बदलल्यानं काय बदलेल असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारलंच, तर घाबरू नका. ‘चांगला मुद्दा आहे सर, नोंद घेतली’ म्हणा आणि खरंच वहीत काहीतरी लिहा.