तीस दिवसांचे बेचाळीस कसे करावेत

नोकरी सोडायचीच असेल तर नीट कटकट करून सोडावी. गुपचूप राजीनामा दिला, ठरल्या दिवशी निघाला, सेंड-ऑफला मिसळ खाऊन घरी आला, यात माणसाची काय आठवण राहणार? तुमची फाईल एचआरच्या टेबलावर दोन-तीन महिने लोळली पाहिजे. त्यासाठी फार कष्ट लागत नाहीत. नोटीस पिरियड कुठल्या दिवसापासून आणि कसले दिवस धरून मोजायचा, एवढं मोघम ठेवलं की बाकीचं आपोआप होतं.

समजा तुम्ही कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी सुपरवायझर आहात. पगार ३०,००० रुपये. नियुक्तीपत्रात एकच वाक्य आहे: ‘कोणत्याही पक्षाने ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी.’ गोकुळ शिरगावात नवी नोकरी ठरली आहे, सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५ पासून. आता कामाला लागू.

पहिलं काम, नियुक्तीपत्र वाचू नका. ते लागलात त्या दिवशी वाचलंय, तेवढं पुरे. त्यात ‘३० दिवस’ आहे, म्हणून तुम्ही राजीनाम्यात ‘एक महिन्याची नोटीस देत आहे’ असं लिहा. दोन्ही एकच, असं तुम्हालाही वाटेल आणि एचआरलाही. प्रत्यक्षात महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, आणि तो त्याच तारखेला जाऊन टेकतो. ३ ऑक्टोबरला दिलेली महिन्याची नोटीस ३ नोव्हेंबरला संपते, तीस दिवसांची २ नोव्हेंबरलाच. एका दिवसाचा फरक, पण नेमका तोच दिवस तुमच्या नव्या नोकरीचा पहिला. ३१ जानेवारीला असंच पत्र दिलंत तर आणखी मजा. फेब्रुवारीला एकतीस तारीखच नाही, म्हणून महिना २८ ला आटोपतो, आणि तीस दिवस मात्र मार्चात शिरतात.

दुसरं काम, पत्रावरची तारीख आणि पत्र पोचल्याची तारीख वेगळी ठेवा. १ ऑक्टोबरला पत्र टाईप करा, तीच तारीख वर घाला. दुसऱ्या दिवशी दसरा, दसरा चौकात सोनं लुटायला जायचं असतं, पत्र तसंच राहू द्या. शुक्रवारी, ३ तारखेला रात्री नऊ वाजता एचआरच्या ऑफिसच्या मेलवर पाठवा. शनिवारी एचआर साहेब रजेवर, रविवारी कारखाना बंद, मेल उघडला सोमवारी, ६ तारखेला. झालं, एका पत्राला तीन जन्मतारखा मिळाल्या. तुम्ही १ तारखेपासून मोजून ३१ ऑक्टोबरला मोकळे, शिवाय पगाराचा महिनाही पुरा. एचआर ६ पासून मोजून ५ नोव्हेंबरवर.

मध्येच कुणीतरी शहाणा भेटेल आणि सांगेल की लिहिल्याची तारीख नोटिशीला चालत नाही, समोरच्याला मिळाल्याची चालते. मिळाला तो दिवस सोडायचा, दुसऱ्या दिवसाला ‘एक’ म्हणायचं. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं तेरावं कलमही तो काढेल: वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कंपनीने पत्रव्यवहारासाठी नेमून दिलेल्या मेलवर संदेश शिरला त्या क्षणी तो मिळाला, साहेबांनी कधी उघडला याच्याशी संबंध नाही. म्हणजे ३ ऑक्टोबरला मिळाला, ४ तारीख पहिला दिवस, २ नोव्हेंबर तिसावा. असल्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा, नाहीतर विषय तिथंच मिटेल. तुमचं भाग्य असेल तर मेल एचआरच्या खासगी पत्त्यावर गेलेला असेल. नेमून दिलेला पत्ता सोडून दुसरीकडे पाठवला, तर त्याच कलमाने साहेबांनी तो काढून बघितल्याचा दिवस धरला जातो. मग ६ तारखेचा हट्ट खरा ठरतो आणि भांडणाला वजन येतं.

हाती पत्र देत असाल तर पोच घेऊ नका. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख मागणं म्हणजे माणसावर अविश्वास. शिरोलीत आपण सगळे घरचेच की.

तिसरं काम सगळ्यात नाजूक. तीस दिवस कामाचे की कॅलेंडरचे, हे विचारूच नका. नुसतं ‘दिवस’ लिहिलं असेल तर सरसकट दिवस धरतात, रविवार, दिवाळी, पाडवा सगळे त्यात येतात. कामाचे दिवस धरायचे तर तसं लिहिलेलं असावं लागतं. पण एचआर साहेब म्हणणार, “अहो, नोटीस कशाला असते? हँडओव्हरला. बंद कारखान्यात कुणाला हँडओव्हर देणार, मशीनला?” यावर मान डोलवा. बोलणं पटण्यासारखं आहे, ही त्यातली गोम.

आता त्यांच्या पद्धतीने मोजू. ६ ला मिळालं म्हणून ७ ऑक्टोबर पहिला दिवस. सगळे रविवार वजा. दिवाळीला कारखाना २० ते २३ बंद, तेही वजा. शनिवार १८ तारखेपर्यंत अकरा दिवस भरतात, दिवाळीनंतर २५ पर्यंत तेरा, १ नोव्हेंबरला एकोणीस, ८ ला पंचवीस, आणि तिसावा दिवस उजाडतो शुक्रवारी, १४ नोव्हेंबरला. मेल पोचल्यापासून बेचाळीस दिवस! नियुक्तीपत्रात एक अक्षर न बदलता बारा दिवस वाढले. याला म्हणतात नाद खुळा.

२ नोव्हेंबर रविवारी येतो याचाही उपयोग करून घ्या. ‘शेवटचा दिवस सुट्टीचा, म्हणून सोमवारी या,’ असं कुणीतरी म्हणेलच. सुट्टी आली की मुदत पुढच्या दिवसावर जाते, ही सवलत कोर्टात किंवा कचेरीत काही दाखल करायचं असेल त्याच्यासाठी. नोटीस नुसती संपायची असते, ती रविवारीही संपते. ओळखपत्र आणि गेज शनिवारी जमा करून मोकळं होता येतं. पण तुम्ही सोमवारी जा. गोकुळ शिरगावचे लोक वाट बघतील.

शेवटी पैसा. तुम्ही ३ तारखेला नव्या जागी गेलात, की जुनी कंपनी १४ पर्यंतचे दिवस फुल अँड फायनलमध्ये कापणार. कॅलेंडरने ते बारा दिवस, पगार भागिले ३०, रोजचे १,०००, म्हणजे १२,०००. कामाच्या दिवसांनी अकरा, पगार भागिले २६, रोजचे साधारण १,१५४, म्हणजे १२,७०० च्या आसपास. दोन्ही हिशेब चुकीच्या तारखेवर उभे असले तरी निदान आपापल्या जागी सरळ आहेत. खरा कसबी अकाउंटंट दिवस कॅलेंडरचे घेतो आणि दर सव्वीसचा. बारा गुणिले १,१५४, जवळपास १३,८५०. सव्वीस कुठून आणले विचारलंत तर ग्रॅच्युइटीच्या कायद्याकडे बोट दाखवतील. तिथं सव्वीस आहेत हे खरं, पण ते ग्रॅच्युइटी काढायला. कपातीचा दर काय आणि कुठल्या पगारावर, हे नियुक्तीपत्रात शोधायचं असतं. ते तर आपण वाचायचं नाही असं ठरलंय.

एवढं करूनही वाद पेटला नाही, तर समजा तुमच्या हातून पत्रात हे वाक्य गेलंय: ‘ही ३० कॅलेंडर दिवसांची नोटीस आज, ३ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या अधिकृत मेलवर देत आहे. ४ ऑक्टोबर हा पहिला दिवस धरून माझा शेवटचा दिवस २ नोव्हेंबर २०२५ असेल. यात काही फरक असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे.’ ते आधी खोडा. असलं पत्र एचआरला दोन मिनिटांत वाचून होतं, आणि उत्तरात नुसतं ‘नोंद घेतली’ एवढंच येतं.