आरसीए लिहिणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

प्रॉडक्शनपर्यंत निसटलेल्या बगचा आरसीए, म्हणजे मूळ कारण शोधणारा अहवाल, लिहिण्याची पाळी आपल्यावर आली असेल, तर घाबरून जाऊ नये. अहवाल ब्लेमलेस, म्हणजे कोणावरही ठपका न ठेवणारा असावा, अशी अट असते आणि मराठीने तिची सोय आधीच करून ठेवली आहे. ‘आठव्या सर्व्हरवर नवा कोड टाकायचे राहून गेले’ असे लिहावे. कोणाकडून राहिले, हे विचारायला या वाक्यात जागाच नाही. का राहिले, हे विचारण्याचेही मग कोणाला सुचत नाही, हा वरचा फायदा.

हा आठवा सर्व्हर कपोलकल्पित नव्हे. अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने जुलै २०१२ च्या अखेरीस आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत नवा कोड टाकला. आठ सर्व्हरांपैकी सातांवर तो पोहोचला, एकावर नाही. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि सुमारे ४५ मिनिटांत ग्राहकांच्या २१२ ऑर्डरींपोटी चाळीस लाखांहून अधिक सौदे होऊन बसले. नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या वर गेले. एसईसी या बाजार नियामकाने ऑक्टोबर २०१३ मध्ये काढलेल्या आदेशात सगळा तपशील आहे. आपण मात्र तो फार खोलात जाऊन वाचू नये.

मूळ कारणापर्यंत जाण्यासाठी अहवालाच्या साच्यात एकाखाली एक पाच ‘का’ विचारायचे असतात. ते असे उरकावेत. चुकीच्या ऑर्डरी का गेल्या? एका सर्व्हरवर जुना कोड चालला. तो का चालला? नवा कोड टाकायचा राहिला. का राहिला? तंत्रज्ञ विसरला. येथे खरे तर काम झाले, पण साच्यात अजून दोन चौकटी रिकाम्या आहेत. का विसरला? कामाचा ताण होता. ताण का होता? मुदत जवळ आली होती. पाच पुरे झाले, नाव कोणाचे आले नाही, आणि मुदती काही आपल्या हातात नसतात. टोयोटाच्या ताईइची ओनो यांनी बंद पडलेल्या यंत्राच्या प्रसिद्ध उदाहरणात फ्यूजपासून सुरुवात करून वंगणाच्या पंपाला गाळणी नव्हती येथपर्यंत मजल मारली, आणि वाटेत यंत्र चालवणारा माणूस त्यांना एकदाही आडवा आला नाही. एवढी सवड आपल्याला कोठून असणार?

काही ‘का’ तर चुकूनही विचारू नयेत. आठव्या सर्व्हरवर चाललेला जुना कोड ‘पॉवर पेग’ नावाच्या सुविधेचा होता आणि ती २००३ मध्येच वापरातून गेली होती. मग तिचा कोड नऊ वर्षे सर्व्हरवर का राहिला? नव्या सुविधेसाठी नेमका तिचाच फ्लॅग, म्हणजे तिला चालू करणारी खूण, पुन्हा का वापरला? ऑर्डर पुरी झाली की थांबायचे, हे ठरवणारी मोजणी २००५ मध्ये कोडमध्ये दुसरीकडे हलवल्यावर पॉवर पेगची चाचणी पुन्हा का झाली नाही? कोड सगळीकडे पोहोचला की नाही, हे दुसऱ्या कोणी पाहावे, असा लेखी नियम का नव्हता? हे चारही ‘का’ एकाच उत्तरातून फुटतात, आणि साच्यातील चौकटी एकाखाली एक अशा पाचच असल्यामुळे फांद्या काढायला तेथे जागा नसते. साच्याचा मान राखावा.

दोष निर्माण का झाला याच्या शेजारी तो पकडला का गेला नाही, असाही स्तंभ काही हौशी मंडळी ठेवतात. तो असल्यास पंचाईत होते, कारण त्या दिवशी सकाळी आठच्या सुमारापासून, म्हणजे बाजार उघडण्यापूर्वी तब्बल दीड तास, प्रणालीच पॉवर पेगच्या त्रुटीचे ईमेल धाडत होती. ते ९७ होते. ते इशारे म्हणून योजलेलेच नव्हते, त्यामुळे सहसा कोणी पाहत नसे.

घटनाक्रमात एक नाजूक जागा येईल. गोंधळ थांबवण्याच्या प्रयत्नात नवा कोड ज्या सात सर्व्हरांवर नीट बसला होता, त्यांवरूनच तो काढण्यात आला. त्यामुळे तेथेही जुना कोड उघडा पडला आणि आणखी ऑर्डरी त्याच्या तावडीत सापडल्या. त्या वेळी पडद्यावर काय दिसत होते, ज्यामुळे हाच उपाय शहाणपणाचा वाटला, हे विचारले तर अहवाल उपयोगी होण्याचा धोका संभवतो. म्हणून येथे ‘तातडीने उपाययोजना करण्यात आली’ एवढेच लिहावे.

राहता राहिले ॲक्शन आयटम. मृत कोड उपटून टाकणे, नवा फ्लॅग घेणे, आठही सर्व्हरांवरील आवृत्ती जुळल्याशिवाय प्रणाली सुरूच होऊ न देणे, असे काही लिहिले की ते कोणाला तरी तारखेनिशी करावे लागते. त्यापेक्षा ‘यापुढे अधिक दक्षता घ्यावी’ हे सुटसुटीत. त्यासाठी कोडची एकही ओळ बदलावी लागत नाही. शिवाय प्रणालीकडून येणारे ईमेल सर्वांनी काळजीपूर्वक वाचावेत, अशी सूचनाही काढावी, आणि ती ईमेलनेच पाठवावी.