डब्याचं तोंड बघून ऑइल ठरत नाही

"डब्याचा समोरून फोटो काढा, आकडा दिसला की झालं. 15W-40, 20W-40, 20W-50, सगळं ऑइल फोरस्ट्रोक बाईकला चालतं. आकडा मोठा तेवढं ऑइल दमदार, आणि आपल्या कोकणातल्या उन्हाला जाडच बरं. कंपनी नावाजलेली असली की मागचं बारीक वाचायची गरज नाही." असं बरेच जण सांगतात, आणि ते चुकीचं आहे.

गेल्या मे महिन्यात देवगडच्या एका पोराने मला असाच एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "काका, ह्या चलात मां?" डबा त्याच्या मामाच्या होडीवरचा, पाच लिटरचा. फोटोत ठळक 15W-40. गाडी २०१७ ची क्लासिक ३५०, जिच्या पुस्तकात 15W-50 आहे. त्याचा हिशोब असा की पंधरा जुळतंय, चाळीस आणि पन्नासमध्ये असा काय मोठा फरक!

मी म्हटलं, डबा फिरव आणि मागचा फोटो पाठव. पहिला फोटो उन्हात काढलेला, चकाकी येऊन अर्धा मजकूर पांढरा झालेला. मी सांगितलं, सावलीत घे आणि डबा जरा तिरका धर. डबा गोल असल्याने ओळीचं शेवटचं अक्षर कडेला वळून जातं, आणि नेमकं तेच हवं असतं. MA की MB, म्हणजे ऑइल बाईकच्या क्लचला मानवणारं की नाही, हे तिथेच ठरतं. म्हणून एका फोटोत काम होत नाही, दोनतीन लागतात.

मागे निघालं API CI-4 आणि JASO DH-1. मुलगा खूश, कारण "JASO असलं की बाईकचं" असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. इथेच बरेच जण फसतात. जासो हे जपानचं वाहनांचं मानक, ते एकट्या मोटरसायकलचं नाही. DH-1 म्हणजे डिझेल इंजिनासाठी. एपीआय म्हणजे अमेरिकेची पेट्रोलियम संस्था, तिचं C ने सुरू होणारं वर्गीकरणही डिझेलचंच, पेट्रोलचं S ने सुरू होतं. म्हणजे होडीच्या इंजिनाला हे ऑइल उत्तम, डब्यात खोट काहीच नाही. क्लासिकला मात्र API SL आणि JASO MA2 हवं, आणि त्या दोन्हींपैकी डब्यावर एकही नव्हतं. त्यातच गरम झाल्यावरचा जाडपणाही कमी. चार गोष्टींपैकी फक्त 15W जुळलं.

आता MA म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. कारचा क्लच कोरडा असतो, इंजिनच्या ऑइलशी त्याचा संबंध नाही. आपल्या बहुतेक बाईकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. त्या ऑइलने पिस्टनला घसरू द्यायचं, पण क्लचच्या प्लेटा मात्र घसरू द्यायच्या नाहीत. कारची ऑइलं मायलेजसाठी जास्त घसरडी होऊ लागली, तेव्हा बाईकचे क्लच सटकू लागले. म्हणून १९९८ मध्ये जपानने मोटरसायकलच्या ऑइलसाठी क्लचची पकड मोजणारं मानक आणलं. पकड चांगली असेल तर MA, त्याच्या आत MA1 आणि MA2 असे दोन भाग, त्यातलं MA2 जास्त पकडीचं. MB म्हणजे मुद्दाम कमी घर्षणाचं, ते ऑइलात बुडालेला क्लच नसलेल्या स्कूटरसाठी सोयीचं. एकाच फळीवर एकाच कंपनीचे MA आणि MB डबे शेजारी उभे असतात, रंगही जवळपास तोच. कारच्या डब्यावर एपीआयच्या गोल शिक्क्याच्या खालच्या अर्ध्यात Resource Conserving लिहिलेलं दिसलं, तर तो डबा बाईकपासून लांबच ठेवा.

डिझेलचं ऑइल घातलं की क्लच सटकतोच असं मी म्हणणार नाही. काही डिझेल ऑइलांवर MA लिहिलेलंही असतं, ती चालतात. या डब्यावर मात्र पकडीची हमी नव्हती, एवढंच. पोराने फोटो पाठवला तेव्हा ऑइल आधीच ओतून झालेलं होतं, हे मला नंतर कळलं! कोल्हापूरला निघाला आणि फोंडाघाटात गाडी मागे एक माणूस बसवून चढत असताना आवाज वाढला, पण वेग वाढेना. अॅक्सिलरेटर पिळला तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी तशीच. क्लच सटकतो तो असा. सपाट रस्त्यावर शंका असली तर वरच्या गिअरमध्ये हळू चालवत एकदम पिळून पाहा. आवाज झेप घेतो आणि गाडी मागे राहते, मग ओळखावं.

ऑइल काढून पुस्तकातलं घातलं. नव्या ऑइलवर क्लच बऱ्याचदा सुधारतो. त्याचा सुधारला नाही. झाकण काढलं तर जळका वास, प्लेटा आधीच झिजलेल्या. त्यामुळे सगळं खापर होडीच्या डब्यावर फोडणं बरोबर नाही. चांगल्या प्लेटा असत्या तर त्या घाटात त्याला उतरून ढकलायची वेळ आली नसती, असं मला वाटतं.

जाडपणाचं म्हणाल, तर पहिला आकडा थंडीचा. W म्हणजे विंटर. 10W ची थंडीतली चाचणी उणे २५ अंशाला, 20W ची उणे १५ ला होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात असली थंडी पडते का? दुसरा आकडा १०० अंशाला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो, म्हणजे तापलेल्या इंजिनातलं. उन्हाळा आणि तो आकडा यांचा संबंध लोक समजतात तेवढा नाही, कारण इंजिन चालू असताना आतला ताप बाहेरच्या ३५ अंशांपेक्षा फार जास्त असतो. हीरोच्या स्प्लेंडरला 10W-30 सांगितलेलं असतं. तिच्यात 20W-50 घातलं तर गाडी लगेच मोडणार नाही, पण पंप जड ऑइल ढकलत बसतो, सकाळी वरच्या भागाला ते पोचायला वेळ लागतो आणि मायलेज पडतं. उलट क्लासिकला 10W-30 घातलं तर तापल्यावर ते फार पातळ पडेल. चांगलं कुठलं हा प्रश्नच चुकीचा, पुस्तकात कुठलं हा खरा. आणि पुस्तक त्याच नावाच्या पण वेगळ्या वर्षाच्या गाडीचं नको. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या इंजिनाला 20W-50, नंतरच्या यूसीई इंजिनाला 15W-50. नाव एकच, बुलेट!

एपीआयच्या अक्षराबाबत मात्र चिंता नको. SL मागितलं आणि SN मिळालं तरी चालतं, पुढचं अक्षर मागच्याची जागा घेतं. मागे सरकू नका, एवढं पुरे.

राहिली नावाजलेली कंपनी. नाव फोटोत दिसतं, आतलं ऑइल दिसत नाही. खरा रिकामा डबा घेऊन त्यात जुनं किंवा हलकं ऑइल भरणं फार अवघड काम नाही. फोटोवरून मी एवढंच बघतो की झाकणाच्या खालचा रिंगसारखा पट्टा शाबूत आहे का, बॅच क्रमांक आणि तारीख पुसट किंवा खरवडलेली आहे का, लेबलच्या कडा सुटल्यात का. आपल्याकडच्या पावसात लेबल तसंही सुटतं, म्हणून तेवढ्यावरून कोणाला खोटं ठरवत नाही. झाकण उघडल्यावर आतल्या चकचकीत सीलचा फोटो घेतलेला बरा, तोही ओतण्याच्या आधी. सील फाटलेलं असेल तर डबा दुकानात परत जातो, सील नसेलच तर मी तो बाईकमध्ये ओततच नाही.