एकशे साठ अक्षरांत अदृश्य कसं व्हावं

स्वतंत्र सल्लागार झालात, अभिनंदन. आता एक्सवर १६० अक्षरांत स्वतःची ओळख लिहा. कालच अशी एक ओळख तीनदा वाचली. माणूस नक्की काय करतो ते चौथ्यांदा वाचूनही कळलं नसतं. तीच पातळी गाठायची असेल तर पुढे वाचा.

सुरुवात 'स्वतंत्र सल्लागार' अशीच करा. कशाचा, ते सांगू नका. दिसायला हे सात अक्षरांचं प्रकरण आहे, पण इथे काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. नुसत्या 'सल्लागार'चीच आठ होतात. मधल्या जागेसकट जोडगोळी सतरा अक्षरं गिळते आणि काहीच सांगत नाही. उत्तम.

'मतं वैयक्तिक' हे हवंच. तुमची कंपनी म्हणजे तुम्ही एकटेच, पण कंपनी उगाच अडचणीत यायला नको.

मग बिरुदं. रणनीतीकार, मार्गदर्शक, वक्ता, विचारवंत, परिवर्तनदूत, सूर्यास्तप्रेमी... आठ तरी हवीत, आणि मध्ये उभ्या दांड्या. आठ बिरुदांत सात दांड्या, दोन्हीकडच्या मोकळ्या जागा धरून प्रत्येकी तीन अक्षरं, म्हणजे एकवीस अक्षरं कुंपणालाच गेली! वाचणारा गोदामात सडणाऱ्या मालावर उपाय शोधत आलेला असतो. त्याला तुमच्या सूर्यास्ताचं काय करायचंय? 'परिवर्तनदूत' शोधत कोणी येतं का? शोधणारा स्वतःच्या अडचणीचे शब्द टाइप करतो, तुमच्या पदव्यांचे नाही. आणि त्यातले चार शब्द हॅशटॅग केलेत की संपलंच: आलेला माणूस त्यावर टिचकी मारतो आणि तुमच्या दारातून थेट दुसऱ्यांच्या पोस्टींच्या गर्दीत जातो.

वेबसाइटसाठी वेगळा रकाना आहे, म्हणून पत्ता ओळखीतच कोंबा. शहराचंही तसंच.

बरं, पुरे झाली थट्टा. हे वाचा:

'लहान कारखान्यांचा गोदामात अडकलेला माल कमी करून देतो. साठा नियोजनात १२ वर्षं. मालाची यादी मेसेज करा.'

मोजा. जागा आणि पूर्णविराम धरून नव्व्याण्णव. कोणासाठी, कोणती अडचण, विश्वास का ठेवायचा, पुढे काय करायचं, सगळं आलं आणि एकसष्ट अक्षरं उरली. ती उरू द्या, भरायलाच हवीत असं कुठे लिहिलंय? अडचण पहिल्या वाक्यात आहे, कारण घाईतला माणूस तेवढंच वाचून पुढे जातो. 'करून देतो' हे क्रियापद आहे. तुमच्या आठ बिरुदांत एकही नाही! काम करता ना? मग क्रियापद लिहायला लाज कसली वाटते?

आणि शेवटी 'मेसेज करा' लिहून अनोळखी लोकांचे मेसेज सेटिंगमध्ये बंद ठेवणारे महाभाग, आधी ते उघडा. लोक तिथून परत जातायत.