‘शॉर्टकटने चुकाच वाढतात’ म्हणे!

छोटा संकेत, म्हणजे ट्रिगर, टाइप केला की साठवलेला मजकूर उमटवणारा प्रोग्राम म्हणजे टेक्स्ट एक्स्पांडर. ग्राहकांना उत्तरं लिहिताना तो वापरण्यावरचा आक्षेप असा:

«टेक्स्ट एक्स्पांडर म्हणजे डोळे मिटून काम. हाताने टाइप करणारा विचार करून लिहितो. भलताच मजकूर उमटतो आणि ग्राहकाला जातो. वेग हवा तर चुका सोसा.»

विचार करून लिहितो? रिफंडची तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या मागण्या, रांगेत साचली की तोच परिच्छेद कुणी पुन्हा पुन्हा टाइप करत बसत नाही. मागचं उत्तर कॉपी होतं, पुढच्या तिकिटात पेस्ट होतं आणि आधीच्या ग्राहकाची रक्कम तशीच राहून जाते. धोका या जुन्या आकड्यात आहे. एक्स्पांडरमध्ये तो मुळात असतच नाही. उदाहरणार्थ espanso या एक्स्पांडरमध्ये:

```yaml
matches:
  - trigger: ";milel"
    form: |
      नमस्कार [[nav]],
      ऑर्डर [[kramank]] चे [[rakkam]] रुपये
      मूळ खात्यात जमा होतील.
```

`;milel` टाइप करताच तीन खान्यांची छोटी खिडकी उघडते. न बदलणारा मजकूर यंत्र लिहितं, बदलणारं फक्त माणूस भरतो. खान्यांत आधीपासून काहीही भरून ठेवू नका. रिकामी राहिलेली रक्कम वाक्यात लगेच खटकते, चुकीची खटकत नाही.

भलताच मजकूर उमटतो? उमटतो, पण दोष ट्रिगर निवडणाऱ्याचा. नुसतं `rf` ठेवलंत तर `perform` लिहितानाही ते फुटणार, म्हणून आधी अर्धविराम. मंजुरी आणि नकार यांचे ट्रिगर एका अक्षराच्या फरकाचे कधीच नकोत: `;rfy` आणि `;rfn` ऐवजी `;milel` आणि `;nahi`. आपल्याकडची खास अडचण म्हणजे कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला तर अर्धविरामाच्या जागी ‘च’ उमटतो आणि ट्रिगर चालतच नाही. वैताग येतो खरा, पण चुकीचं उत्तर तरी जात नाही.

ग्राहकाला जातो? पाठवण्याची कळ एक्स्पांडरमध्ये गुंफली तरच. काही जण हौसेने शेवटी एंटरही घालतात, ते काढा. मजकूर उमटवणं एक काम, पाठवणं दुसरं. जीमेलवर पाठवायला Ctrl+Enter वेगळं दाबावं लागतं, आणि त्या क्षणात नाव नि रक्कम तिकिटाशी ताडून होते. घाई इथे करायची नाही, टायपिंगमध्ये वाचलेला वेळ इथेच खर्चायचा.

वेग हवा तर चुका सोसा? मोजून बघा. एकाच प्रकारची तिकिटं घ्या, एक्स्पांडर आणण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन. दर शंभरामागे किती पुन्हा उघडली ते पाहा. आकडा चढला तर बहुधा मजकूर शिळा झालाय: धोरण बदललं, पण प्रत्येकाच्या संगणकावर जुनीच फाइल. फाइल सगळ्यांची एकच ठेवा आणि ती बदलायचा अधिकार एकालाच द्या.

तारखांबाबत मात्र जपून. espanso आजच्या तारखेत `offset: 604800` सेकंद, म्हणजे सात दिवस, मिळवून देतो. पण त्यातले बँकेच्या सुट्ट्यांचे दिवस त्याला कळत नाहीत. ‘कामाचे सात दिवस’ असं वचन असेल तर तारीख हातानेच भरा. आणि ग्राहकाची तक्रार समजून घेण्यातच वेळ जात असेल, तर त्या रांगेत एक्स्पांडरने फारसं काही वाचणार नाही.